सात पानांचा शोधनिबंध दीडशे शब्दांत कसा बसवायचा?

चार वर्षांच्या पदवीत संशोधन प्रकल्प आल्यापासून कॉलेजांत एक नवी सूचना फिरते आहे: प्रस्तावाबरोबर 'सटीप संदर्भसूची' जोडा. मुलं गोंधळतात. संदर्भसूची म्हणजे लेखकाचं नाव, लेखाचं नाव, वर्ष, पानं. ती शाळेपासून ठाऊक असते. सटीप संदर्भसूचीत अशा प्रत्येक संदर्भाखाली एक छोटा परिच्छेद येतो. लेखात काय आहे, ते कितपत भरवशाचं आहे आणि आपल्या कामाला कसं लागतं, हे तो सांगतो. लांबी साधारण शंभर ते दोनशे शब्द. या एका संदर्भाला आणि त्याखालच्या परिच्छेदाला मिळून 'नोंद' म्हणतात. परिभाषा एवढीच.

अडतं पुढे. शोधनिबंध सात पानांचा असतो, कधी तीस पानांचाही. त्याचे दीडशे शब्द करताना काय टाकायचं आणि काय ठेवायचं? बहुतेकांना वाटतं की हे लेखनकौशल्य आहे, भाषा चांगली हवी. मला तसं वाटत नाही. चुका होतात त्या आकडे आणि अटी लेखातून नोंदीत आणताना. कोणता आकडा कशाचा आणि कोणती अट कुठल्या वाक्याला जोडलेली, हे सांभाळलं की भाषा साधी असली तरी नोंद उभी राहते.

हे नुसतं बोलून कळणार नाही. एक खरा निबंध घेऊ आणि त्याची नोंद करून पाहू.

## निबंध कोणता?

डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९९९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पानं १९५५ ते १९६१, म्हणजे सातच. पण वैद्यकीय नियतकालिकाची सात पानं म्हणजे बारीक टाईप, तक्ते आणि आलेख. पहिल्यांदा वाचणाऱ्याची त्यात एक दुपार जाते.

गोष्ट अशी. खेड्यातलं नवजात बाळ आजारी पडलं की दवाखाना लांब असतो आणि महागही. मग गावातल्याच बाईला प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं तर? जन्मल्यावर न रडलेलं बाळ, वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ, गार पडलेलं बाळ, दूध न ओढणारं बाळ, या सगळ्यांची काळजी तिने घ्यायची. रक्तात, फुप्फुसात किंवा मेंदूच्या आवरणात जंतुसंसर्ग झाला तर त्याचं निदान आणि उपचारही तिनेच करायचे. 'सर्च' संस्थेने या कार्यकर्त्यांना आरोग्यदूत असं नाव दिलं. त्यांनी हे काम ३९ गावांत केलं. दुसरी ४७ गावं तुलनेसाठी ठेवली होती, तिथे हा उपक्रम नव्हता. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षं आधीची परिस्थिती मोजण्यात गेली आणि १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत उपक्रम चालला.

## निबंधाच्या सुरुवातीला गोषवारा असतोच, तोच का उतरवू नये?

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. छापील गोषवारा लेखकांनीच लिहिलेला असतो, तो नेमका असतो आणि इंग्रजीही चोख असतं. मग पुन्हा खटाटोप कशाला?

लग्न जुळवताना मुलाकडून बायोडेटा येतो आणि तरीही एक आत्या घर पाहायला जाते ना, तसंच हे. बायोडेट्यात खोटं काही नसेलही. पण तो त्यांनी त्यांच्यासाठी लिहिलेला आहे. आत्या परत येऊन चार वाक्यांत सांगते की कागदावर काय होतं, प्रत्यक्षात काय दिसलं आणि आपल्या मुलीला ते चालेल का. शेवटची दोन वाक्यं बायोडेट्यात कधीच नसतात.

आपल्या निबंधाचा गोषवारा मृत्यूदर किती घटला ते सांगतो, पण पुरावा कुठे तोकडा पडतो याच्या खोलात जात नाही. तुमचा प्रकल्प काय आहे, हे तर त्याला ठाऊकच नाही. म्हणून गोषवारा उतरवला तर नोंदीचा अर्धा भाग रिकामाच राहतो. शिवाय ते वाङ्मयचौर्य ठरतं ते वेगळंच.

## आधी वाचायचं कसं?

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचत जाणं हा सर्वांत दमवणारा मार्ग आहे. गोषवारा एकदा वाचून बाजूला ठेवा. मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद शोधा, कारण लेखक आपला प्रश्न बहुधा तिथेच नेमका मांडतात. या निबंधात तो प्रश्न गृहीतकाच्या रूपात आहे: घरी दिलेल्या काळजीमुळे नवजात मृत्यूदर तीन वर्षांत किमान २५ टक्क्यांनी घटेल. हा २५ चा आकडा लगेच टिपून ठेवा. नोंद करताना बहुतेक जण तो गाळतात, कारण निकाल त्याहून कितीतरी मोठा आला. पण लेखकांनी कशाची अपेक्षा आधी जाहीर केली होती हे कळलं, तरच निकालाचं वजन कळतं.

त्यानंतर पद्धतीचा भाग. इथे तीन गोष्टी हुडकायच्या: तुलना कोणाशी केली, गट कसे पाडले आणि मोजलं कोणी. शेवटची गोष्ट सहज निसटते. गडचिरोलीच्या अभ्यासात जन्म-मृत्यूच्या नोंदी आरोग्यदूतांनी ठेवल्या नाहीत, त्यासाठी दुसरे कार्यकर्ते होते. जिने बाळाला वाचवायचं, तिनेच बाळ दगावल्याची नोंद करायची, ही अडचण त्यामुळे टळली. नोंदीत यासाठी पाच-सहा शब्द लागतात आणि ते खर्च करण्यासारखे आहेत.

मग तक्ते, आणि त्यानंतर चर्चेच्या भागात लेखकांनी स्वतः मान्य केलेल्या मर्यादा. निष्कर्ष अगदी शेवटी वाचा. निष्कर्ष आधी वाचले की पुढचं सगळं त्यांच्याच चष्म्यातून दिसू लागतं.

वाचून झालं की निबंध मिटवा आणि पहिला खर्डा आठवणीतून लिहा. समोर पान उघडं असलं की हात आपोआप वाक्यं उचलतो. आकडे मात्र आठवणीवर सोडू नका. त्यांच्या जागा मोकळ्या ठेवा आणि नंतर निबंध उघडून भरा.

## आकडे कुठे घसरतात?

आता एक खर्डा पाहू. तो मी बेतलेला आहे, पण असे खर्डे दर वर्षी येतात:

> "या लेखात गडचिरोलीतील बालमृत्यूंचा अभ्यास केला आहे. तेथे बालमृत्यूदर ६२ टक्के होता, तो २५ टक्क्यांवर आला. घरी उपचार केल्याने बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात हे सिद्ध झाले आहे. जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. हा अत्यंत महत्त्वाचा व उपयुक्त लेख आहे."

वाचायला ठीक वाटतं. पण एकेक वाक्य तपासत गेलं की हाती फारसं काही उरत नाही.

'बालमृत्यू' हा शब्द इथे फार ढगळ आहे. निबंध मुख्यतः नवजात मृत्यूंबद्दल आहे, म्हणजे जन्मापासून पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू. पहिल्या वर्षभरातल्या मृत्यूंचा, म्हणजे अर्भकमृत्यूंचा, आकडा निबंधात वेगळा दिलेला आहे आणि त्यातली निव्वळ घटही वेगळी आहे: ४५.७ टक्के. कोणते मृत्यू म्हणायचे आहेत ते सांगितलं नाही, तर वाचणाऱ्याने कोणता आकडा धरायचा?

मग ते ६२. निबंधात असे दोन आकडे आहेत आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. उपक्रमाच्या गावांत सुरुवातीचा नवजात मृत्यूदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता. आणि तिसऱ्या वर्षी त्यात झालेली निव्वळ घट ६२.२ टक्के होती. आकडे जवळजवळ सारखे आले हा निव्वळ योगायोग. खर्ड्यात पहिल्याला दुसऱ्याचं एकक चिकटलं आणि शंभरातली ६२ बाळं दगावत होती असा भयंकर अर्थ निघाला. तो २५ सुद्धा टक्के नव्हे, हजारी २५.५ आहे.

इथे गणित जाणणारा विद्यार्थी आक्षेप घेतो. ६२ वरून २५.५, म्हणजे घट ३६.५. त्याला ६२ ने भागलं तर सुमारे ५९ टक्के येतात. मग निबंधात ६२.२ कसे? उत्तर 'निव्वळ' या शब्दात आहे. तुलनेच्या गावांत सुरुवातीला दर हजारी ५८ होता आणि तो घटण्याऐवजी किंचित वाढला. उपक्रम नसता तर इथेही तसंच झालं असतं असं धरून तो फरक हिशेबात घेतला, की घट ५९ वरून ६२.२ वर जाते. म्हणून नोंदीत ६२.२ लिहायचं असेल तर 'तुलनेच्या गावांतला बदल धरून' हे शब्द त्याला चिकटलेच पाहिजेत. ते नको असतील तर हजारी ६२ वरून २५.५ एवढंच लिहा, तेही पुरेसं आहे. दोन्हींची अर्धी अर्धी खिचडी मात्र चालणार नाही.

गंमत म्हणजे लेखकांनी स्वतःच्या निष्कर्षात '६२.२' म्हटलेलं नाही. नवजात आणि अर्भक मृत्यू 'जवळजवळ ५० टक्क्यांनी' घटले, असं सावध वाक्य त्यांनी लिहिलं आहे. मूळ लेखकापेक्षा नोंद करणारा जास्त ठाम झाला, की समजावं काहीतरी बिनसलं आहे.

'जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू जवळजवळ थांबले' हे वाक्यही असंच. मूळ आकडे सांगतात की उपचार सुरू होण्याआधी जंतुसंसर्गाच्या १६३ रुग्णांपैकी १६.६ टक्के दगावले आणि उपचार सुरू झाल्यावर ७१ रुग्णांपैकी २.८ टक्के. टक्क्यांची बाळं केली तर १६३ पैकी २७ आणि ७१ पैकी २. फरक ठळक आहे यात शंका नाही. पण ७१ मध्ये आणखी दोन बाळं दगावली असती तर २.८ चे साडेपाच टक्के झाले असते. म्हणून लहान संख्येवरचा टक्का नोंदीत एकटा पाठवू नये, एकूण किती त्यांपैकी हे सोबत द्यावं. शिवाय ही तुलना आधी आणि नंतरची आहे, एकाच वेळच्या दोन गटांची नाही.

राहिलं 'सिद्ध झाले आहे'. एका जिल्ह्यात, एका काळात, एका संस्थेने केलेल्या अभ्यासातून 'होतं' असं सर्वकाळचं वाक्य निघत नाही. 'गडचिरोलीच्या ३९ गावांत १९९५–९८ मध्ये झालं' हे निघतं. आणि शेवटचं 'अत्यंत महत्त्वाचा व उपयुक्त' पुसून टाका. ते कुठल्याही लेखाला लागू पडतं, म्हणजे या लेखाबद्दल काहीच सांगत नाही.

## मी कोण लॅन्सेटमधल्या लेखाच्या उणिवा काढणारा?

मुलांचा हा संकोच खरा असतो. पण मर्यादा सांगणं म्हणजे दोष काढणं नव्हे. पुरावा कुठपर्यंत पोचतो याची सीमारेषा दाखवायची असते, आणि ती बहुतेक वेळा निबंधाच्या रचनेतच दिसते, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.

इथे पाहा. कोणत्या गावात उपक्रम आणि कोणतं तुलनेला, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. सुरुवातीला दोन्हीकडची लोकसंख्या आणि मृत्यूदर सारखे होते, हे लेखक दाखवतात आणि त्याने बाजू बरीच भक्कम होते. पण न मोजलेला एखादा फरक राहून गेला असण्याची शक्यता उरतेच. दुसरं म्हणजे उपाय एक नव्हता, गाठोडं होतं: घरभेटी, जंतुसंसर्गावर उपचार, प्रशिक्षित सुईणी, आरोग्यशिक्षण, दर पंधरा दिवसांनी देखरेख. सगळं मिळून परिणाम झाला, त्यातलं किती कशामुळे हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही. तिसरं, जंतुसंसर्गाचं निदान गावात लक्षणांवरून होत होतं.

या तीन गोष्टी नोंदीत तीन छोट्या वाक्यांत बसतात. त्या लिहिल्याने गडचिरोलीच्या कामाचा मान तसूभरही कमी होत नाही.

## शब्दांचा हिशेब

दीडशे शब्दांचं अंदाजपत्रक आधीच करून ठेवलं तर पुढची कापाकापी वाचते. मी साधारण असं वाटतो: प्रश्नाला पंचवीस, पद्धतीला तेवढेच, निष्कर्षांना चाळीस, मर्यादांना तीस, आणि उरलेले स्वतःच्या प्रकल्पाला. संदर्भाची ओळ यात धरत नाहीत. ती तुमच्या विभागाने सांगितलेल्या शैलीत लिहावी. एपीए शैलीत या निबंधाच्या पाचही लेखकांची नावं येतात, तर एमएलए शैलीत पहिलं नाव आणि 'व इतर' एवढ्यावर भागतं.

हे सगळं धरून नोंद अशी होते:

> बंग, अभय, राणी बंग, संजय बैतुले, एम. हनिमी रेड्डी, महेश देशमुख. 'इफेक्ट ऑफ होम-बेस्ड निओनेटल केअर अँड मॅनेजमेंट ऑफ सेप्सिस ऑन निओनेटल मॉर्टॅलिटी: फील्ड ट्रायल इन रूरल इंडिया'. द लॅन्सेट, खंड ३५४, १९९९, पृ. १९५५–१९६१.
>
> दवाखान्यापर्यंत न पोचणाऱ्या नवजात बाळांना (वय २८ दिवसांपर्यंत) घरीच काळजी आणि जंतुसंसर्गावर उपचार दिले, तर मृत्यूदर तीन वर्षांत किमान २५ टक्क्यांनी घटेल का, हे लेखक तपासतात. गडचिरोलीतल्या ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी १९९५–९८ मध्ये घरभेटी देऊन हे काम केलं. ४७ गावं तुलनेला होती. जन्म-मृत्यूच्या नोंदी वेगळ्या कार्यकर्त्यांनी ठेवल्या. उपक्रमाच्या गावांत नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला; तुलनेच्या गावांतला बदल धरून निव्वळ घट ६२.२ टक्के. जंतुसंसर्ग झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून (१६३ रुग्ण) २.८ टक्क्यांवर (७१ रुग्ण) आलं. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. अनेक उपाय एकत्र असल्याने प्रत्येकाचा वाटा कळत नाही. निदान लक्षणांवरून होतं. आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींवरच्या माझ्या प्रकल्पाला हा मूळ आधार आहे. मात्र इतकी जवळची देखरेख नसलेल्या सरकारी यंत्रणेत काय घडतं, याचं उत्तर त्यात नाही.

काय काय गळलं पाहा. एका बाळामागे आलेला ५.३ डॉलर खर्च गेला. दर १८ बाळांच्या काळजीमागे एक मृत्यू टळला, हा आकर्षक आकडाही गेला. तो मी मुद्दाम गाळला, कारण त्यात गर्भातले मृत्यूही धरलेले आहेत आणि ते समजावायला आणखी एक वाक्य लागलं असतं. समजावायला जागा नसेल तर आकडा न दिलेला बरा.

## मग दोघांची नोंद सारखीच येईल ना?

वरची साठ-सत्तर टक्के, हो. प्रश्न, गावांची संख्या आणि दर बदलणार नाहीत. पण कोणत्या आकड्याला जागा द्यायची आणि शेवटी काय म्हणायचं, हे प्रकल्प ठरवतो.

समजा दुसऱ्या एका विद्यार्थिनीचा विषय आहे ग्रामीण आरोग्यसेवेचा खर्च. तिच्या नोंदीत जंतुसंसर्गाचे टक्के जातील आणि ५.३ डॉलर येतील, ते १९९० च्या दशकातल्या किमतींचे आहेत या इशाऱ्यासह. 'दर १८ बाळांमागे एक' या आकड्यालाही तिला जागा द्यावीच लागेल, गर्भातल्या मृत्यूंच्या खुलाशासकट, कारण खर्च आणि टळलेला मृत्यू ही तिच्या विषयातली मुख्य जोडी आहे. तिसऱ्या कोणाचा विषय खेड्यांतला प्रतिजैविकांचा वापर असेल, तर 'निदान लक्षणांवरून' हे आपल्या नोंदीत तीन शब्दांत आटोपलेलं वाक्य त्याच्याकडे मध्यभागी येईल.

म्हणून मित्राची नोंद मागून आणली तर ती चुकीची नसते, पण तिचा शेवट दुसऱ्याच प्रकल्पाकडे पाहत असतो. परीक्षकाच्या नजरेतून ते सुटत नाही.

## लेख १९९९ चा आहे, पुढचं कुठे लिहायचं?

त्या निबंधानंतर बरंच काही घडलं. २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्त्या आल्या. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात शिशू काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू केला, आणि बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर आशाताईंनी ४२ दिवसांत सहा घरभेटी द्यायच्या असं ठरलं. विद्यार्थ्याला हे ठाऊक असतं आणि ते नोंदीत घालायचा मोह होतो. मग 'लेखकांनी आशा कार्यकर्त्यांचा अभ्यास केला' असली वाक्यं तयार होतात. १९९९ मध्ये आशा कार्यकर्ती अस्तित्वातच नव्हती.

नंतरची माहिती द्यायचीच असेल तर ती शेवटच्या, स्वतःच्या वाक्यात द्यावी, आणि तिचा आधार असलेल्या लेखाची किंवा सरकारी मार्गदर्शिकेची नोंद वेगळी करावी. खर्डा तपासताना एवढं करा: मर्यादांच्या वाक्यांच्या आधीच्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवा आणि ते निबंधाच्या कोणत्या पानावर आहे ते पेन्सिलीने समासात लिहा. ज्या वाक्याला पान सापडत नाही, ते एकतर खाली तुमच्या स्वतःच्या वाक्यांत जाईल, नाहीतर खोडलं जाईल.